आबांनी रोखून धरलेली दहा सेकंदं

गेल्या दिवाळीत जोतिबाच्या पायऱ्या चढताना आबा तीनदा थांबले. एरवी ते आमच्या पुढे असायचे. चौसष्टाव्या वर्षीही रात्रभर गुऱ्हाळाच्या चुलवाणाला जाळ घालून सकाळी वैरणीचा भारा आणणारा माणूस, पायरीवर बसून म्हणाला, "दम खाऊ द्या जरा." तिथून फेब्रुवारीपर्यंत आमची जी फरफट झाली ती इथे लिहून ठेवते. फुप्फुसातली हवा रक्तात किती उतरते ते मोजणारी 'डीएलसीओ' नावाची तपासणी डॉक्टरांनी कागदावर लिहून दिली की माणूस गोंधळतो. त्यात छातीत कार्बन मोनॉक्साइड ओढायचा असतो हे कळलं की घाबरतो. आम्ही दोन्हीही झालो होतो. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, तरी हे नीट समजायला मला दोन महिने लागले.

९ डिसेंबरला कोल्हापुरातल्या छातीच्या डॉक्टरांकडे पहिली भेट झाली. तपासणी फी ७०० रुपये, फुंकायची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री ९०० रुपये. तिचा निकाल फार वाईट नव्हता. आबांची पूर्ण फुंकर २.९ लिटर भरली, अपेक्षित आकड्याच्या ७९ टक्के. नळ्या कुठे अरुंद झाल्याचं चिन्ह नव्हतं. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९६. मी मनात म्हटलं, चला, वयाचं आहे. डॉक्टरांनी मात्र आबांच्या पाठीवर, अगदी खाली, बराच वेळ स्टेथोस्कोप ठेवला आणि मलाही ऐकायला दिलं. श्वास आत घेताना शेवटी चर्रर्र असा बारीक आवाज येत होता, चिकटवलेला वेलक्रो पट्टा हळू सोडवल्यासारखा.

"हवा आत-बाहेर जातेय, ते या फुंकरीनं कळलं," डॉक्टर म्हणाले. "आत गेलेली हवा रक्तात किती उतरते, ते यातून कळत नाही. ते वेगळं मोजावं लागेल."

१६ डिसेंबरला छातीचा सीटी स्कॅन झाला, ४,२०० रुपये. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी जाळीसारख्या रेषा दिसल्या. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की वायुकोशांच्या भिंतींमध्ये व्रणासारखं जाडसर ऊतक साठलंय. चुलवाणाच्या धुरानं झालं का, या माझ्या प्रश्नावर त्यांनी होय किंवा नाही म्हणायचं नाकारलं. मग डीएलसीओची चिठ्ठी दिली.

ती चिठ्ठी घेऊन २६ डिसेंबरला आम्ही एका तपासणी केंद्रात गेलो. आबा गावाहून पहाटेच्या एसटीनं आले होते. खिडकीवर उत्तर मिळालं, "सिलिंडर संपलाय. नवीन यायला दहा-बारा दिवस." या तपासणीला साधा ऑक्सिजन चालत नाही. मोजून-मापून बनवलेलं वायूंचं मिश्रण लागतं, त्यावर प्रत्येक वायूचं प्रमाण लिहिलेलं प्रमाणपत्र असतं आणि ते बाहेरून मागवावं लागतं. आदल्या दिवशी मी फोनवर वेळ घेतली होती, तरी कोणी हे सांगितलं नव्हतं. म्हणून वेळ घेताना 'मशीन चालू आहे का' एवढंच विचारू नका, 'गॅस आहे का' हेही विचारा. सरकारी आरोग्य योजनेचं कार्डही सोबत नेलं होतं. बाहेरच्या बाहेर केलेल्या तपासणीला ते लागू नाही, असं आम्हाला खिडकीवर सांगितलं. तपासणीचे २,४०० रुपये रोख भरायचे होते.

त्या दहा-बारा दिवसांत मी वाचायला बसले. मला एकच प्रश्न छळत होता. आबांना हवाय ऑक्सिजन, मग मोजायला कार्बन मोनॉक्साइड कशाला? ज्या वायूनं बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं दगावतात, तोच वायू आजारी माणसाला का द्यायचा?

आधी भिंत समजून घेऊ. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतलं रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो, तो साधारण अर्धा मायक्रोमीटर जाड असतो. केसाची जाडी याच्या शंभरपट-दीडशेपट भरेल. तो सगळा पसरला तर साधारण ७० चौरस मीटर होतो, म्हणजे आमच्या साडेसातशे चौरस फुटांच्या फ्लॅटएवढा. वायू या पडद्यातून आपोआप झिरपतो, जिकडे दाब जास्त तिकडून कमी असेल तिकडे. यालाच विसरण म्हणतात. पडदा जितका मोठा आणि पातळ, आणि दोन्हीकडच्या दाबातला फरक जितका जास्त, तितका वायू जास्त जातो. पडदा ऑक्सिजन ओढून घेतो, असं एकेकाळी मोठमोठे शास्त्रज्ञही मानत. डेन्मार्कच्या ऑगस्ट आणि मारी क्रोग या जोडप्यानं १९१० च्या सुमारास मोजून दाखवलं की तसं काही नसतं, नुसतं विसरण पुरतं. पुढे १९१५ मध्ये मारी क्रोग यांनी एका श्वासात कार्बन मोनॉक्साइड घेऊन हा पडदा मोजायची रीत मांडली. आबांनी केली ती तपासणी मुळात तीच, शंभर वर्षांपूर्वीची.

आता खरी मेख. रक्त त्या भिंतीजवळ उभं राहत नाही, वाहत असतं. माणूस शांत बसलेला असताना एक लाल पेशी केशवाहिनीतून जाते ती सुमारे पाऊण सेकंदात. जे काही घ्यायचं ते तिनं तेवढ्या वेळात घ्यायचं.

हे मी आबांना सांगितलं ते मळ्यातल्या बांधावर बसून. कारण ते म्हणाले होते, "त्यो इखारी वायू माझ्या छातीत घालणार असशील तर मला समजंल असं सांग. न्हाईतर मी येत न्हाई."

मी म्हटलं, "आबा, हा बांध म्हणजे तुमच्या फुप्फुसातली भिंत. बांधावर माणसं उभी आहेत, उसाच्या मोळ्या खाली टाकतायत. खालून गाड्या चालल्यात, न थांबता. पहिल्यांदा समजा गाड्या नाहीतच, बायका डोक्यावर बुट्ट्या घेऊन चालल्यात. बुट्टी एका मोळीत भरते. बांधाच्या सुरुवातीलाच भरली, पुढे सगळा बांध ती भरलेलीच चालली. आता वर दहा माणसं ठेवा नाहीतर वीस, माल वाढेल का?"

"कसा वाढंल? बुट्ट्या वाढवाय पायजेत."

तो पहिला प्रकार. भूल देताना वापरतात तो नायट्रस ऑक्साइड असा वागतो. हिमोग्लोबिन त्याला धरत नाही, तो रक्तात नुसता विरघळून राहतो. त्यामुळे रक्तातला त्याचा दाब झपाट्यानं चढतो आणि केशवाहिनीच्या साधारण पहिल्या एक-दशांश भागातच वायुकोशातल्या दाबाशी बरोबरी करतो. दाबात फरक उरला नाही की झिरपणं बंद. हा वायू शरीरात किती जाईल ते मग भिंतीवर नाही, दर मिनिटाला किती रक्त तिथून जातं त्यावर ठरतं. अशा वायूला रक्तप्रवाहानं मर्यादित वायू म्हणतात. तो मोजला तर फुप्फुसातला रक्तप्रवाह कळेल, भिंतीचं काहीच कळणार नाही.

"आता बुट्ट्या काढा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणा," मी म्हटलं. "एवढ्या मोठ्या, की सगळा बांध संपला तरी तळ झाकत नाही. आता माल कशावर ठरेल?"

आबांनी बांधाकडे बघितलं. "टाकणाऱ्यांवर. आन् बांध किती उंच हाय त्येच्यावर."

कार्बन मोनॉक्साइडची ही ट्रॉली म्हणजे हिमोग्लोबिन. ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटीनं ते या वायूला घट्ट धरतं. भिंत ओलांडून आलेला जवळजवळ प्रत्येक रेणू हिमोग्लोबिन गिळून टाकतं, आणि एकदा धरला की तो रक्तात मोकळा विरघळलेला राहत नाही. दाब मोजला जातो तो मोकळ्या रेणूंचा. त्यामुळे पाऊण सेकंद संपून पेशी बाहेर पडते तेव्हाही रक्तातला या वायूचा दाब शून्याच्या जवळच असतो. भिंतीच्या दोन्हीकडच्या दाबातला फरक सुरुवातीला होता तेवढाच शेवटपर्यंत राहतो. रक्त जोरात वाहो की हळू, वायू किती गेला ते भिंतीनं किती जाऊ दिला त्यावर ठरतं. हा विसरणानं मर्यादित वायू. जो गुण त्याला जीवघेणा करतो, तोच इथे मोजपट्टी होतो, आणि तेही तुसभर वायू वापरून.

ऑक्सिजन या दोघांच्या मधला. त्याची गाडी मध्यम आहे. फुप्फुसात येणाऱ्या रक्तात त्याचा दाब आधीच ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, वायुकोशात सुमारे १००. निरोगी माणसात पाव सेकंदात, म्हणजे वाटेच्या पहिल्या एक-तृतीयांश हिश्श्यात, दोन्ही दाब बरोबरीला येतात. उरलेला अर्धा सेकंद हाताशी शिल्लक असतो. म्हणून निरोगी माणसात, साध्या उंचीवर, ऑक्सिजन रक्तप्रवाहानं मर्यादित असतो. पण भिंत जाड झाली की बरोबरीला यायला वेळ लागतो, शिल्लक खाल्ली जाते. आबा खुर्चीवर बसलेले असताना ती कशीबशी पुरते, म्हणून ऑक्सिमीटर ९६ दाखवतं. पायऱ्या चढायला लागले की हृदय रक्त जोरात ढकलतं, पेशीचा पाऊण सेकंद पाव सेकंदाकडे येतो, आणि गाडी अर्धवट भरून निघून जाते. एकच वायू, पण बसलेल्या माणसात एका प्रकारचा आणि चढणाऱ्या माणसात दुसऱ्या प्रकारचा. जोतिबाच्या पायऱ्यांवर काय झालं ते मला तेव्हा उलगडलं.

मग ऑक्सिजनच का मोजत नाहीत? कारण त्याचा रक्ताच्या बाजूचा दाब वाटेत क्षणाक्षणाला बदलतो. सरासरी काढायची तर ती थेट केशवाहिनीच्या आत जाऊन काढावी लागेल. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत ती बाजू शून्य धरता येते. फक्त वायुकोशातलं प्रमाण मोजलं की हिशेब झाला.

पण 'शून्य धरता येते' ही अट किती महत्त्वाची, ते आम्हाला ८ जानेवारीला कळलं. गॅस आला होता. तपासणी करणारी मुलगी गडहिंग्लजकडची, कामात चोख. तिनं पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, शेवटची विडी कधी ओढलीत?"

"विडी न्हाई ओढत मी. तंबाकू सोडून बारा वर्सं झाली."

ती फॉर्म भरता भरता थांबली. आबांच्या जर्किनला धुराचा आणि काकवीचा वास येत होता. "मग हा धूर कसला?"

आदल्या रात्री जाळ घालायला माणूस आला नव्हता. आबा पहाटे तीनपर्यंत चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं सारत होते. मला त्यांनी सांगितलं नव्हतं. मुलीनं पेन खाली ठेवलं. तिनं सांगितलं ते असं. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि साध्या हवेत श्वास घेताना रक्तातला निम्मा जायला चार-पाच तास लागतात. तो रक्तात आधीच बसलेला असेल तर दोन गोष्टी घडतात. हिमोग्लोबिनच्या काही जागा अडलेल्या असतात, आणि रक्ताच्या बाजूनं उलटा दाब येतो. म्हणजे शून्य हे शून्य राहत नाही. रक्तात त्याचं प्रमाण एक टक्का असेल तर निकाल साधारण एक टक्क्यानं खाली येतो. "मी आज केली तर भिंत आहे त्याहून खराब दिसेल. तुम्ही चुलीपासून लांब राहून या."

परत फिरताना मला राग आला होता, पण तिचं बरोबर होतं. विडी-सिगारेटबद्दल सगळे विचारतात. चुलवाण, भट्टी, बंबाचा धूर, बंद गाळ्यातला जनरेटर याबद्दल कोणी विचारत नाही. तुम्हीच आपणहून सांगा. आणखी एक. घरातलं साधं ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवालंच समजतं. धुरात डोकं गरगरत असताना बोटावर ९८ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका, आधी माणसाला मोकळ्या हवेत न्या.

संक्रांत मध्ये गेली. १६ जानेवारीला पुन्हा गेलो. या वेळी आबा दोन दिवस माझ्याकडे शहरातच राहिले होते. सोबत आदल्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट होता, हिमोग्लोबिन ११.२. सकाळी हलकं खाल्लं होतं. कवळी तोंडात तशीच ठेवायला सांगितली, कारण नळी ओठात घट्ट धरावी लागते. बाहेर ऑक्सिजन लावलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांचा ऑक्सिजन तपासणीआधी दहा मिनिटं काढून ठेवला, कारण वायुकोशात ऑक्सिजन जास्त असला तर हिमोग्लोबिनच्या त्याच जागांसाठी तो कार्बन मोनॉक्साइडशी झोंबतो आणि आकडा उतरतो.

सिलिंडरवरची चिठ्ठी मी वाचली. कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के, हेलियम १० टक्के, ऑक्सिजन २१, बाकी नायट्रोजन. संमतीच्या कागदावर सही करताना आबांचा हात थोडा अडला. मी त्यांना आकडा सांगितला. पूर्ण श्वासात २.८ लिटर हवा गेली तर त्यात हा वायू फक्त ८.४ मिलिलिटर, चहाच्या दोन चमच्यांहून कमी. तोही सगळा रक्तात जात नाही. एका खेपेला रक्तातलं प्रमाण फार तर अर्धा-पाऊण टक्का वाढतं. म्हणूनच एका बैठकीत पाचच्या वर खेपा करत नाहीत. रात्रभर चुलवाणापाशी बसून आबांनी याहून कितीतरी जास्त घेतला असेल. हे ऐकून त्यांनी सही केली.

नाकाला चिमटा. नळी तोंडात. आधी साधे श्वास. मग "सोडा, सोडा, आणखी सोडा, संपेपर्यंत", आणि पोट पाठीला लागल्यावर एकदम "ओढा!" हा श्वास चार सेकंदांच्या आत आणि पूर्ण भरून घ्यायचा. मग झडप बंद होते आणि दहा सेकंद रोखून धरायचा. आबांच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या, डोळे समोरच्या पडद्यावर. सातव्या सेकंदाला खोकला आला. खेप वाया गेली.

मध्ये किमान चार मिनिटं थांबावं लागतं, आधीचा वायू फुप्फुसातून धुऊन जायला. दुसऱ्या खेपेआधी मुलीनं एक युक्ती सांगितली. "छातीनं ढकलू नका आजोबा, आत ओढूही नका. गाठोडं हातात धरल्यासारखा नुसता धरा." रोखताना जोर लावला तर छातीतला दाब बदलतो, केशवाहिन्यांतलं रक्त कमी-जास्त होतं आणि आकडा हलतो. दुसरी खेप जमली. तिसरीही. निकाल १४.४ आणि १४.८. एकक मिलिलिटर दर मिनिटाला, दर मिलिमीटर दाबाला. दोन चांगल्या खेपांमधला फरक २ च्या आत असावा लागतो. इथे ०.४ होता. सरासरी १४.६, आबांच्या वय-उंचीला अपेक्षित २४.५. म्हणजे ६० टक्के.

घरी येऊन मी १४.४ वाल्या खेपेचा कागद घेऊन बसले. हेलियम कशाला असतो ते तेव्हा नीट पटलं. तो रक्तात जवळजवळ जातच नाही. आत जाताना १० टक्के होता, बाहेर आला तेव्हा ७. याचा अर्थ आत घेतलेली २.८ लिटर हवा फुप्फुसात आधीच्या हवेशी मिसळून ४ लिटर झाली. कार्बन मोनॉक्साइडही तेवढाच पातळ झाला असणार, ०.३ चा ०.२१ टक्के. ही त्याची सुरुवात. दहा सेकंदांनंतर सोडलेल्या श्वासातला पहिला पाऊण-एक लिटर टाकून देतात, कारण ती घशा-श्वासनळीतली हवा, भिंतीपर्यंत न गेलेली. त्यानंतरच्या हवेत तो ०.१२५ टक्के निघाला. म्हणजे दर सेकंदाला उरलेल्यातला सुमारे विसावा हिस्सा भिंत ओलांडत होता. भिंत अपेक्षेसारखी असती तर दहा सेकंदांनी ०.०९ टक्क्यापेक्षाही कमी उरला असता. छोट्या दुरुस्त्या बाजूला ठेवून मी हातानं हिशेब केला, तो कागदावरच्या आकड्याला येऊन भिडला. त्या रात्री मला शांत झोप लागली. आकडा चांगला नव्हता, पण तो कुठून आला ते कळलं होतं.

२० जानेवारीला डॉक्टरांकडे. त्यांनी पहिल्यांदा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट मागितला. मोजलेल्या आकड्यात भिंत एकटी नसते, असं ते म्हणाले. वायूला दोन अडथळे पार करावे लागतात. एक भिंतीचा, दुसरा लाल पेशीत हिमोग्लोबिननं त्याला धरण्याचा. केशवाहिन्यांत रक्त किती आणि त्यात हिमोग्लोबिन किती, यावर दुसरा ठरतो. रॉटन आणि फॉर्स्टर यांनी १९५७ मध्ये हे दोन अडथळे वेगळे मांडले. आबांच्या भाषेत, ट्रॉल्याच कमी असतील तर बांध ठीक असूनही माल कमी जाईल. पुरुषांसाठी प्रमाण हिमोग्लोबिन १४.६ धरतात. ११.२ ला मोजलेल्या आकड्याला सुमारे १.१२५ नं गुणायचं. १४.६ चे झाले १६.४, आणि ६० टक्क्यांचे ६७. म्हणजे तुटीचा काही भाग फुप्फुसाचा नव्हताच, रक्त कमी असण्याचा होता. केंद्राच्या कागदावर ही दुरुस्ती केलेली नव्हती. तुमच्या कागदावर ती केली आहे का ते जरूर बघा.

मग सहा मिनिटांची चाल. ३० मीटरचा वऱ्हांडा, दोन टोकांना दोन शंकू. आबा ३४० मीटर चालले. सुरुवातीला ऑक्सिमीटरवर ९५ होतं. दुसऱ्या मिनिटापर्यंत ९३. चौथ्या मिनिटाला ८६, आणि मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. बसवल्यावर दोन-तीन मिनिटांत पुन्हा ९४. मला वाटलं, हेच ते, पाऊण सेकंदाचा पाव सेकंद. डॉक्टरांनी एवढीच दुरुस्ती केली की सगळं श्रेय विसरणाला देऊ नका. खराब भागात हवा आणि रक्त यांची जुळणीही बिघडलेली असते, तिचाही यात वाटा आहे. कार्बन डायऑक्साइडचं मी विचारलं. तो ऑक्सिजनपेक्षा वीसएक पट सहज झिरपतो, त्यामुळे भिंत एवढी जाड झाली तरी त्याला अडचण येत नाही, असं ते म्हणाले.

परतताना आबा बराच वेळ गप्प होते. रंकाळ्यावर गाडी थांबवून आम्ही चहा घेतला. ते म्हणाले, "म्हंजी बांध उंच झालाय, आन् ट्रॉल्या बी कमी हायत."

"होय आबा. ट्रॉल्या वाढवता येतील. बांध आहे तेवढाच राहावा म्हणून औषध."

"आन् जाळ?"

"तो बंद."

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, रक्त कमी का झालं त्याच्या तपासण्या झाल्या, भिंतीच्या आजाराचं औषध फेब्रुवारीत ठरलं. तो खर्च आणि ती धावपळ हा वेगळा विषय आहे. आतापर्यंत नुसत्या तपासण्यांचे, येण्या-जाण्यासकट, साडेअकरा हजार झाले.

आता कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर आबांच्या सदऱ्याच्या खिशात असतं. मळ्याच्या चढाला ते बोटाला लावतात आणि ९० च्या खाली गेलं की बांधावर बसतात. चुलवाणापाशी आता चुलतभाऊ असतो. त्याला आबांनी बजावलंय की तोंडाशी बसायचं नाही, वाऱ्याच्या बाजूनं उभं राहून चिपाडं सारायची. पुढची डीएलसीओ जुलैत आहे, त्याच केंद्रात, त्याच मशीनवर, म्हणजे दोन आकडे एकमेकांशी ताडता येतील. गॅस आहे का ते विचारायला मी आधी फोन करणार आहे. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट त्याच आठवड्यातला घेऊन जायचाय. आबा रोज सकाळी अंगणात उभे राहून श्वास भरतात आणि बोटांवर दहा मोजतात. काल नऊवर खोकला आला, आज नाही आला.